दोन कबुल्या, एक स्फोट

खानदेशातल्या कोणत्याही वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा तरी एक ठरलेलं वाक्य भेटतं. संशयितास ताब्यात घेतले असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली, मात्र पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला. शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर, गाव कोणतंही असो, वाक्य तेच. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, छापणाऱ्यालाही नाही. गंमत अशी की पोपट शिकवलेलंच बोलतो, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं.

त्या खाक्यातून निघालेलं बोलणं किती भरवशाचं, हे तपासायला लांब जावं लागत नाही. शिंदखेड्याहून धुळं गाठायचं आणि तिथून आग्रा रोडने मालेगाव. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी, हमीदिया मशिदीला लागून असलेल्या बडा कब्रस्तानात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. बॉम्ब सायकलींवर ठेवले होते. (2008 चा मालेगाव स्फोट वेगळा, त्याचा खटलाही वेगळा. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, वर्ष संपायच्या आत नऊ मुस्लिम तरुणांवर आरोपपत्र ठेवलं. मोक्का लावला. अटकेतल्या काहींचे कबुलीजबाब कागदावर आले. कट कुठे शिजला, सामान कुणी आणलं, बॉम्ब कुणी ठेवले, सगळं त्यात होतं. पुढे हे जबाब बळजबरीने घेतल्याचं सांगून आरोपींनी ते मागे घेतले. त्यांच्यातला एक माफीचा साक्षीदार झाला होता, त्यानेही शब्द फिरवला.

मग 2010 च्या डिसेंबरात दिल्लीत स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यापुढे जबाब दिला. मालेगावचं 2006 चं काम आपल्याच मुलांनी केलं, असं हिंदुत्ववादी कार्यकर्ते सुनील जोशी यांनी आपल्याला सांगितल्याचं त्या जबाबात होतं. एटीएसनंतर केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाकडे असलेला तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, एनआयएकडे गेला. 2011 च्या नोव्हेंबरात नऊपैकी सात जण जामिनावर सुटले. उरलेले दोघे मुंबईच्या लोकल स्फोटांच्या खटल्यातही आरोपी होते, म्हणून आतच राहिले. 2013 मध्ये एनआयएने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवलं आणि 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. तोवर त्यांच्यातला एक वारला होता. न्यायाधीशांनी या माणसांना एटीएसच्या हातून बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं.

आता हे दोन कबुलीनामे शेजारी ठेवा. एकाच स्फोटाची दोन वेगळी माणसं, दोन वेगळे हेतू, दोन वेगळे कट. एक पोलीस उपायुक्तापुढे, दुसरा दंडाधिकाऱ्यापुढे. दुसराही पुढे मागे घेतला गेला आणि त्याच्या बळावर कुणाला शिक्षा झालेली नाही. दोन्ही खरे असूच शकत नाहीत. निदान एक तरी, नावागावासकट, तपशिलासकट, सहीसकट खोटा आहे. आणि वाचताना दोन्ही खरेच वाटतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की कबुलीजबाबाचा खरेखोटेपणा त्याच्या मजकुरात सापडत नाही. तो सापडतो जबाबाच्या आधीच्या तासांत, दिवसांत. त्या वेळेची नोंद नसेल तर जबाब कितीही रेखीव असो, न्यायालयाच्या हातात कागदापलीकडे काही नसतं.

तपशिलाबद्दल आपली एक पक्की समजूत असते, की केल्याशिवाय एवढं कुणाला माहीत असणार? मालेगावातल्या सायकली घ्या. बॉम्ब सायकलींवर होते हे पहिल्या संध्याकाळपासून अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मग कबुलीत सायकल आली म्हणून काय सिद्ध झालं? ज्याने केलेलं नाही त्याच्याही तोंडी सायकल येणारच. शिवाय कोठडीत प्रश्न विचारणारा प्रत्येक प्रश्नागणिक काहीतरी सांगत असतो. ‘तू तिथे गेला होतास का’ असं दहा वेळा विचारलं की ‘तिथे’ म्हणजे कुठे हे अकराव्या वेळी माणसाला समजलेलं असतं. चुकीच्या उत्तराला मार, बरोबर उत्तराला पाणी. दोन-तीन दिवसांत गुन्ह्याचा पुरता नकाशा त्याच्या डोक्यात उतरतो. विचारणाऱ्याला वाटतं, आपण माहिती काढली. प्रत्यक्षात त्याने ती भरलेली असते, आणि पुष्कळदा हे त्याच्याही लक्षात येत नाही. सगळेच खोटे जबाब कुणी मुद्दाम रचलेले नसतात. म्हणून हा प्रश्न एका वाईट फौजदाराची बदली करून सुटत नाही.

तपशिलाच्या खऱ्या परीक्षा दोनच असतात. जबाबातून असं काही निघालं का, जे पोलिसांना तोवर ठाऊक नव्हतं आणि नंतर स्वतंत्रपणे खरं ठरलं? आणि जे आधीच पक्कं ठाऊक आहे, त्याच्याशी जबाब जुळतो का? मालेगावच्या कथेत दुसरी परीक्षा सपशेल फसली. एक आरोपी त्या सुमारास वेगळ्याच प्रकरणात मुंबई पोलिसांच्या कोठडीत होता. दुसरा त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. दोन्ही गोष्टी तपासायला फार मोठा तपास लागत नव्हता. पण कबुली हाती आली की तपास थांबतो. पुढचा सगळा वेळ तिला साजेसा पुरावा जमवण्यात जातो.

कायदा या बाबतीत भाबडा नाही. इंग्रजांनीच 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग 1872 च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढची कबुली बाद ठरवली, कारण आपली पोलीस चौकी काय करते हे त्यांना चांगलं माहीत होतं. कलम 25 आणि 26 वकिलांना तोंडपाठ असायची. आता भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम 23 मध्ये आली आहेत. मोक्काने 1999 मध्ये महाराष्ट्रात या नियमाला भगदाड पाडलं. त्याच्या कलम 18 नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते. त्याच कायद्यात पोलीस कोठडी 30 दिवसांपर्यंत देता येते.

कलम 18 कागदावर चांगलं सावध आहे. जबाब मोकळ्या वातावरणात घ्यावा, आरोपीच्या भाषेत घ्यावा. तो देण्याचं बंधन नाही आणि दिला तर विरोधात वापरला जाईल, हे आधी सांगावं. जबाब स्वेच्छेचा असल्याची खात्री अधिकाऱ्याने सही करून द्यावी. मग विनाविलंब मुख्य दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं, त्यांनी आरोपीचं म्हणणं लिहून घ्यावं आणि छळाची तक्रार असेल तर वैद्यकीय तपासणीला पाठवावं. यंत्रावर जबाब नोंदवण्याचीही मुभा आहे. पण मुभाच, सक्ती नाही.

हे सगळे बंदोबस्त शेवटच्या तासाचे आहेत. उपायुक्ताच्या दालनात पंखा असतो, पाणी असतं, अधिकारी अदबीने विचारतो. त्याच्या आधीचे दहा-बारा दिवस आरोपी कुठे होता आणि कुणाच्या ताब्यात होता? जबाब संपल्यावर तो कुणाच्या गाडीत बसणार आहे? हे दोन प्रश्न त्या दालनात कुणी विचारत नाही. आरोपीला मात्र दोन्ही उत्तरं माहीत असतात.

11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात हेच पुढे आलं. विशेष न्यायालयाने 2015 मध्ये 12 जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. शिक्षेचा एक मोठा आधार मोक्काखालचे कबुलीजबाब होते. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाने जबाब शेजारी ठेवून वाचले तेव्हा वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेल्या जबाबांत भागचे भाग सारखे निघाले. छळाच्या तक्रारींना वैद्यकीय कागदांचा आधार मिळाला. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा इतर मोक्का खटल्यांत दाखला घेता येणार नाही, अशी स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडलं नाही. या अपिलात काय व्हायचं ते होवो, पण जबाबांचं साम्य दिसायला 19 वर्षं लागली हे पुसलं जात नाही.

बाहेरच्या देशांनी हाच धडा असाच महाग घेतला. इंग्लंडमध्ये 1974 च्या गिल्डफर्ड स्फोटांत चौघांना कबुलीवर जन्मठेप झाली. 1989 मध्ये ते सुटले, कारण पोलिसांच्या फायलीत जबाबाचं टाइप केलेलं टिपण सापडलं आणि त्यावर हाताने केलेल्या दुरुस्त्या होत्या. मुलाखत चालू असताना जागेवर लिहिलं म्हणून न्यायालयाला दाखवलेला हस्तलिखित जबाब त्या दुरुस्त मजकुराशी जुळत होता. म्हणजे आधी मसुदा, मग ‘जागेवरचं’ लेखन. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात 1989 मध्ये पाच किशोरांना बलात्काराच्या गुन्ह्यात गोवलं गेलं. त्यांच्यातल्या चौघांच्या कबुल्या चित्रफितीवर होत्या आणि ज्यूरीने त्या पाहिल्या. फितीवर नव्हते ते आधीचे तासन् तास. 2002 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए त्याच्याशी जुळला आणि पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या. शेवटच्या भागाचंच चित्रीकरण हे चित्रीकरण नसण्यापेक्षा घातक ठरतं, कारण ते बनावट गोष्टीला डोळ्यांनी पाहिल्याचं वजन देतं. कॅमेरा फक्त आरोपीच्या चेहऱ्यावर रोखलेला असेल तर पाहणाऱ्याला जबाब जास्त स्वेच्छेचा वाटतो, आणि विचारणारा व उत्तर देणारा दोघं सारखे दिसत असतील तर हा कल कमी होतो, असंही प्रयोगांत दिसून आलं आहे.

इथे कुणीतरी म्हणेल की मोक्का, बॉम्बस्फोट या मुंबईच्या गोष्टी झाल्या. शिंदखेड्याच्या कोर्टात चालतात त्या चोऱ्या, मारामाऱ्या, दारूच्या केसेस. आणि तिथे तर पोलिसांपुढची कबुली ग्राह्यच नाही. मग मारून पोलिसांना काय मिळतं?

मिळतं, आणि ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 मधून मिळतं. नव्या कायद्यात ते कलम 23 च्या परंतुकात बसवलं आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. एक नेहमीचा प्रकार घेऊन पाहू. समजा, तालुक्यातल्या एका शिवारात विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्यासाठी केबल जाते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. वस्तीवरचा एक भिल्ल किंवा पारधी पोरगा मंगळवारी रात्री उचलला जातो. स्टेशन डायरीत त्याची अटक गुरुवारी दुपारी पडते. त्याच दिवशी दोन पंचांसमोर निवेदन पंचनामा होतो. पोरगा घरी अहिराणी किंवा भिली बोलतो, पंचनाम्यात मात्र तो म्हणतो, ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय निवेदन करतो की, सदर गुन्ह्यातील मुद्देमाल मी लपवून ठेवलेला असून ती जागा मी दाखवतो.’ मग नाल्याकाठच्या झुडपातून केबल निघते आणि जप्त होते.

हा पुरावा तपासायचा तर कुठे बोट ठेवायचं? 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात सांगून ठेवलंय की शोध म्हणजे नुसती वस्तू नव्हे. ती जागा आणि त्या जागेची आरोपीला असलेली माहिती, हे सगळं मिळून शोध होतो. म्हणून पहिला प्रश्न, ती जागा पोलिसांना आधी माहीत होती का? दुसरा, झुडूप उघड्यावर आहे की फक्त ठेवणाऱ्यालाच सापडावं असं आहे? तिसरा, फिर्यादीत केबलचं वर्णन काय होतं, लांबी, रंग, कंपनी, आणि शेतकऱ्याने ती ओळखली कशावरून? काळी केबल सगळीकडे काळीच असते. चौथा, पंच कोण? हेच दोन पंच याच पोलीस ठाण्याच्या आणखी किती पंचनाम्यांत आहेत? आणि पाचवा, ज्यावर सगळं अडतं: मंगळवार रात्र ते गुरुवार दुपार पोरगा कुठे होता? घरच्यांच्या मोबाइलवरचे कॉल, गावातल्या दुकानाचा कॅमेरा, सरपंचाला केलेला फोन यांतून उचलण्याची वेळ कळते. डायरी अटकेची वेळ सांगते. या दोन वेळांमधली फट जितकी मोठी, तितका तो पंचनामा पोकळ.

ही फट बुजवायचे मार्ग कायद्यात आहेत. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले. प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या. आवाजासह, अंधारातही दिसेल असे. साठवण 18 महिन्यांची, आणि तशी यंत्रं मिळत नसतील तर निदान एक वर्षाची. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर. 2025 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांवरून याच न्यायालयाला कॅमेरे चालू का नाहीत म्हणून स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण व्हरांड्यातला सीसीटीव्ही म्हणजे चौकशीचं ध्वनिचित्रमुद्रण नव्हे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कलम 105 खाली सक्तीचं केलं, चौकशीचं केलं नाही. म्हणजे झुडपातून केबल काढतानाचं दृश्य मोबाइलवर येईल. पोराला झुडूप कसं कळलं, ते येणार नाही. सेंट्रल पार्कची चूक आपण कायदा करून गिरवली आहे.

वकिलाचंही तसंच अर्धवट. संविधानाचं कलम 22 पसंतीच्या वकिलाचा हक्क देतं. संहितेचं कलम 38 म्हणतं, चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येईल, मात्र पूर्ण वेळ हजर ठेवता येणार नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गप्प राहण्याच्या हक्काबरोबर वकिलाच्या उपस्थितीकडेही झुकतं माप दिलं होतं, पण प्रत्यक्षात वकिलाला बाकावर बसवून ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ असं सांगितलं जातं. पोराला वकील मिळतो तो बहुधा रिमांडच्या वेळी, तोही विधी सेवा समितीकडून, पाच मिनिटं आधी. तोवर निवेदन पंचनामा होऊन गेलेला असतो. वकिलाने उत्तरं पढवावीत, असं कुणी म्हणत नाही. तो दिसेल इतक्या अंतरावर, ऐकू येणार नाही इतक्या लांब बसला तरी पुरे, कारण त्याच्या देखत हात उचलला जात नाही आणि उचलून आणल्याची खरी वेळ त्याच्या वहीत पडते.

पोलिसांची बाजू खोटी नाही. चार शिपायांवर पन्नास गावं, वरून ‘डिटेक्शन’चा तगादा, फॉरेन्सिकचा अहवाल यायला महिने. अशा ठाण्यात कबुली हे सगळ्यात स्वस्त साधन. इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्याने चौकशीचं ध्वनिमुद्रण आणि वकील आले तेव्हा तिथल्या पोलिसांनीही हेच म्हटलं होतं, आता कुणी तोंड उघडणार नाही. संशोधकांनी नंतर पाहिलं तर कबुल्या आटल्या नव्हत्या. बदललं ते विचारण्याचं तंत्र: आधी संशयिताला मोकळं बोलू द्यायचं, मग त्याचं सांगणं हातातल्या पुराव्याशी ताडायचं. खोटं बोलणाऱ्याला हे जड जातं, कारण पुढ्यातल्या माणसाला काय माहीत आहे हे त्याला कळत नाही. खाक्या दाखवणाऱ्या पद्धतीत नेमकं उलटं होतं, पहिल्याच तासात सगळे पत्ते आरोपीपुढे पडतात. आणि मालेगावचा हिशेब पोलिसांनीही मांडून पाहावा. 2006 च्या त्या शुक्रवारच्या मृतांसाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा माग ताजा होता, तपासाचा बराच जोर नऊ माणसांच्या कबुल्यांवर खर्ची पडला. कबुली खोटी असते तेव्हा खरा गुन्हेगार तिच्या आड निवांत राहतो.

तालुक्याच्या कोर्टात रिमांडच्या वेळी दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपीच्या कोपराला लागून तोच शिपाई उभा असतो जो त्याला परत नेणार आहे. ‘काहीच नही, साहेब.’ रोजनाम्यात तक्रार नसल्याची नोंद होते आणि पुढचा पुकारा होतो. हा प्रश्न पोलिसांना दाराबाहेर पाठवून विचारायला नवा कायदा लागत नाही. ‘तुला घरून कधी आणलं, आणि त्या वेळी घरी कोण होतं?’ असं त्याच्या बोलीत विचारून उत्तर तसंच लिहून घ्यायलाही लागत नाही. तक्रार आहे का म्हटल्यावर माणूस घाबरतो, वेळ विचारली तर सांगून टाकतो. नव्या संहितेच्या कलम 187 खाली 15 दिवसांची पोलीस कोठडी आता सलग घ्यावी लागत नाही. ती पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यांनी मागता येते, म्हणजे तुरुंगात गेलेला पोरगा पुन्हा ठाण्यात येऊ शकतो, आणि हे त्यालाही माहीत असतं. म्हणून दर रिमांडला वेळेचा प्रश्न नव्याने विचारावा लागेल.

आणि विधी सेवेच्या वकिलाने पहिल्याच तारखेला एक साधा अर्ज द्यावा: अमुक पोलीस ठाण्यातील अमुक तारखेपासूनचे सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण जतन करून सीलबंद हजर करण्याचा आदेश व्हावा. अर्जातली तारीख अटकेची घालायची नाही, घरच्यांनी सांगितलेली घालायची. यंत्राची साठवण भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. खटला सुरू झाल्यावर मागितलं तर उत्तर ठरलेलं असतं, तांत्रिक बिघाड. कॅमेरा बंद असल्याचं पहिल्याच आठवड्यात लेखी आलं, तर मंगळवार ते गुरुवार काही गैर झालं नाही हे सिद्ध करण्याचा भार निदान त्या ठाण्याकडे सरकवण्याचा युक्तिवाद तरी वकिलाला करता येतो.